अकाउंटंटवर विश्वास आहे, मग फ्रॉड ट्रँगलचं मी काय करू?

प्रश्न: माझं पाइप आणि फिटिंगचं होलसेल दुकान आहे. माझ्यासह सात माणसं. यंदा ऑडिटच्या वेळी आमचे सीए म्हणाले, "शेठ, तुमच्याकडे फ्रॉड ट्रँगलच्या तिन्ही बाजू तयार आहेत, सांभाळा." दबाव, संधी आणि समर्थन असं काहीतरी सांगितलं, पण घाईत होते. माझा अकाउंटंट अकरा वर्षांपासून आहे, घरच्यासारखा आहे, त्याच्यावर माझा संशय नाही. मग हा त्रिकोण म्हणजे नेमकं काय, आणि माझ्यासारख्या छोट्या माणसाने त्याचं करायचं काय?

उत्तर:

संशय नाही ही चांगली गोष्ट आहे, आणि तो धरायची गरजही नाही. हा त्रिकोण चोर ओळखण्यासाठी बनलेलाच नाही. प्रामाणिक माणूस कोणत्या परिस्थितीत हात मारतो, हे समजण्यासाठी तो आहे. डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने विश्वासाच्या जागेवर बसून अपहार केलेल्या कैद्यांशी तुरुंगात जाऊन बोलून हा विचार मांडला, १९५३ साली. त्याला ज्यांच्यात रस होता ती माणसं चोरी करायची म्हणून नोकरीला लागलेली नव्हती. चांगल्या मनाने लागली होती आणि पुढे घसरली. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: पैशाची अशी अडचण जी कुणाला सांगता येत नाही, आपल्या जागेवरून ती गुपचूप सोडवता येईल ही जाणीव, आणि "मी चोर नाही" असं स्वतःला पटवणारं एखादं वाक्य. त्रिकोण हे नाव नंतरच्या लोकांनी दिलं.

व्याख्या एवढीच. ती पाठ करून दुकानात काही बदलत नाही, म्हणून एक प्रकरण शेवटपर्यंत उलगडून सांगतो. माझ्या कामातलंच आहे. धंदा, गाव आणि आकडे ओळख लागू नये इतपत बदललेत, पद्धत जशीच्या तशी आहे. छोट्या होलसेलवाल्यांकडे मी जे अपहार पाहिले, त्यांत हाच प्रकार सगळ्यात जास्त.

तालुक्याच्या गावातलं रंग आणि हार्डवेअरचं होलसेल दुकान. वर्षाची विक्री साडेपाच कोटींच्या आसपास, बाजारात उधारी साधारण सत्तर लाख. दोन सेल्समन गावोगाव फिरून ऑर्डर घ्यायचे आणि वसुलीही आणायचे. मोठ्या पार्ट्या चेक नाहीतर यूपीआयने द्यायच्या, खेड्यातली छोटी दुकानं रोख द्यायची. सेल्समन पार्टीला छापील पावती फाडून द्यायचा, कार्बन कॉपी पुस्तकात राहायची. संध्याकाळी रोकड आणि पावती पुस्तक अकाउंटंटच्या टेबलावर. तो पैसे मोजायचा, टॅलीत एंट्री टाकायचा, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा करायचा. पार्टीला खातेउतारा पाठवायचाही तोच, आणि बिलातले दहा-वीस रुपये सोडायचे असले तर कसर-वटावाची एंट्रीही त्याचीच. शेठ रोज रात्री रोकड मोजायचे, महिन्याला बँक जुळवायचे. स्वतःला काटेकोर समजायचे, आणि त्या दोन गोष्टींत ते होतेही.

आता दबाव. अकाउंटंटचा पगार चोवीस हजार. मेहुण्याने पतसंस्थेतून कर्ज काढलं, हा जामीनदार राहिला. मेहुण्याने हप्ते थकवले. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला आणि जामीनदाराच्या मागे लागली. वसुली अधिकारी म्हणाला, ठरावीक रक्कम लगेच भरा, नाहीतर पगार कपातीचं पत्र तुमच्या मालकाकडे जाईल.

इथे जरा थांबून बघा. रक्कम मोठी नव्हती. पहिल्यांदा अठरा-वीस हजारांचा प्रश्न होता. शेठकडे मागितले असते तर शेठने दिले असते, हे शेठने मला स्वतः सांगितलं आणि मला ते खरं वाटतं. पण जो माणूस रोज शेठच्या पैशाला हात लावतो त्याला, आपण कर्जाच्या भानगडीत आहोत हे शेठला कळणं, कर्जापेक्षा जड वाटलं. "शेठ म्हणतील, याच्या हातात गल्ला कसा द्यायचा?" ही भीती. क्रेसीने अडचणीला "न सांगता येणारी" म्हटलं ते याचसाठी. पैशाची तंगी तुमच्या सातही जणांना कधी ना कधी असणार. त्याने कुणी चोर होत नाही. तंगी आणि लाज एकत्र येतात तेव्हा दबाव तयार होतो. आजारपण किंवा मुलीचं शिक्षण माणूस सांगून मोकळा होतो. सट्टा, ऑनलाइन गेम, शेअर बाजारातला फटका, जामीनकी, घरच्यांपासून लपवलेलं कर्ज, हे तो सांगत नाही.

पहिल्या दिवशी त्याने केलं ते इतकंच. जूनच्या ४ तारखेला एका पार्टीचे १८,५०० रुपये रोख आले. तिला पहिली पार्टी म्हणू. पावती फाडलेली होती, पार्टीच्या हातात होती. त्याने टॅलीत एंट्री टाकली नाही आणि पैसे खिशात घातले. रात्री शेठने रोकड मोजली. एंट्रीच नसल्यामुळे रोकड बरोबर जुळली.

पण पहिल्या पार्टीच्या खात्यावर १८,५०० येणे दिसत राहिले. आठ-दहा दिवसांत सेल्समन पुन्हा तिकडे जाणार, मागणी करणार, पार्टी पावती दाखवणार. म्हणून १२ जूनला दुसऱ्या पार्टीचे २४,००० आले तेव्हा त्याने १८,५०० पहिल्या पार्टीच्या खात्यात जमा दाखवले आणि उरलेले ५,५०० दुसरीच्या. पहिली पार्टी मोकळी, दुसरीच्या खात्यात १८,५०० चा खड्डा. त्या दिवशी त्याने एक रुपयाही घेतला नाही. चोवीस हजार आले, चोवीस हजारांच्या एंट्र्या झाल्या, चोवीस हजार बँकेत गेले.

२० जूनला तिसऱ्या पार्टीचे ३०,००० आले. तोवर पतसंस्थेचा दुसरा तगादा लागला होता. दहा हजार त्याने ठेवून घेतले. उरलेल्या वीस हजारांतून १८,५०० दुसऱ्या पार्टीला, १,५०० तिसऱ्या पार्टीला जमा. आता खड्डा तिसरीच्या खात्यात, २८,५०० चा.

याची टोपी त्याच्या डोक्यावर, एवढंच चाललंय. यात तुमच्यासाठी महत्त्वाचं काय आहे? रोकड जुळते. बँक जुळते. टॅलीतली जमा आणि बँकेतला भरणा पैशापर्यंत एक असतो. चुकीचं असतं ते फक्त नाव आणि तारीख. शेठ दररोज रात्री जी तपासणी करत होते ती कितीही वर्षं केली असती तरी हे सापडलं नसतं, कारण ते रक्कम तपासत होते आणि गडबड रकमेत नव्हती.

साधारण बावीस महिने हे चाललं. शेवटी सतरा पार्ट्यांच्या खात्यांत मिळून ४,३६,००० चा खड्डा होता. शिवाय ६१,००० त्याने कसर-वटावात थोडे थोडे करून जिरवले होते, कारण टोपी फिरवणं वाढत गेलं की दर महिन्याला जास्त रोख लागते आणि मधूनमधून एखादा खड्डा कायमचा बुजवावा लागतो. एकूण नुकसान पाच लाखांना तीन हजार कमी.

एवढं मोठं होऊनही दिसलं का नाही, याचा हिशेब करून बघा. साडेपाच कोटींच्या विक्रीला दिवसाला दीड लाख पडतात. त्या मानाने ४,३६,००० म्हणजे उधारीचे जेमतेम तीन दिवस. सरासरी वसुलीचे दिवस त्रेचाळीसचे शेहेचाळीस झाले तर कोणता व्यापारी दचकतो? बाजार मंद आहे म्हणून सोडून देतो. पण हा खड्डा सत्तर लाखांत पसरलेला नव्हता. चेक आणि यूपीआय थेट खात्यात जातात, तिथे त्याचा हात पोहोचत नव्हता. तो फक्त रोखीवाल्या पार्ट्यांच्या उधारीत होता, आणि ती होती पंधरा लाख. पंधरा लाखांतले चार लाख छत्तीस हजार, म्हणजे जवळपास तीस टक्के. एकच यादी, फक्त रोखीने देणाऱ्या पार्ट्यांची जुनी उधारी, वेगळी काढून बघितली असती तर सहा महिन्यांत डोळ्यात आलं असतं. तुम्ही हे आज दुपारी करू शकता, त्याला काही खर्च नाही.

ही झाली संधी, आणि ती कशाने बनली ते बघा. कुलूप नव्हतं असं नाही, सीसीटीव्हीही होता. संधी बनली कारण पैसे हातात घेणारा, खात्यावर नाव लिहिणारा, पार्टीला उतारा पाठवणारा आणि सूट देणारा माणूस एकच होता. वर्षानुवर्षांच्या विश्वासाने हळूहळू ही चारही कामं त्याच्याकडे जमा झाली. कुणी ठरवून दिली नव्हती. चांगलं काम करणाऱ्याकडे काम साचतंच. तुमच्या सीएंना तुमच्याकडे बहुधा हेच दिसलं असेल.

तिसरी बाजू, समर्थन, ही लोकांना सगळ्यात पोकळ वाटते. पकडल्यावर केलेली सारवासारव असं समजतात. क्रेसीचं म्हणणं उलट होतं: हे वाक्य आधी येतं, पैसे उचलायच्या आधी. ते सापडल्याशिवाय प्रामाणिक माणसाचा हात पुढे होत नाही, कारण त्याला स्वतःच्या नजरेत चोर व्हायचं नसतं.

आमच्या अकाउंटंटचं वाक्य होतं "उसने घेतलेत". आणि ते तो पाळतही होता, निदान सुरुवातीला. त्याच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी वही सापडली. पार्टीचं नाव, तारीख, रक्कम, आणि पुढे कोणाच्या पैशातून फेडलं. टोपी फिरवणाऱ्याला अशी वही ठेवावीच लागते, सतरा खाती डोक्यात राहत नाहीत. पण पहिल्या तीन पानांवर वर "परत करायचे" असं लिहून खाली बेरीज मारलेली होती. दोनदा त्याने थोडे पैसे परतही टाकले होते, एकदा बोनस मिळाल्यावर. चौथ्या पानानंतर "परत करायचे" हे शब्द गेले आणि बेरीज मारणंही थांबलं.

त्याच सुमारास दुसरं वाक्य आलं होतं, आणि ते शेठनेच पुरवलं होतं. शेठ गल्ल्यातून घरखर्चाला पैसे काढायचे आणि चिठ्ठी ठेवायचे नाहीत. "कुठल्या तरी खर्चात टाक," म्हणायचे. काही माल कच्च्या बिलावर जायचा, तो हिशेब हाच माणूस सांभाळायचा. दोन वर्षं पगारवाढ "दिवाळीनंतर बघू" वर अडकली होती. चौकशीत तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, या दुकानात खोटी एंट्री मी पहिल्यांदा केली ती शेठच्या सांगण्यावरून." यामुळे त्याचा गुन्हा कमी होत नाही. पण तुम्ही विचारलंत की छोट्या माणसाने काय करायचं, म्हणून स्पष्ट सांगतो: तुमच्या गल्ल्यातून तुम्ही व्हाउचरशिवाय पैसे काढत असाल आणि अकाउंटंटला खर्च बनवायला लावत असाल, तर समर्थनाची बाजू तुम्ही स्वतः उभी करताय. आणि पुढे पोलिसांत जायची वेळ आली तर तो कच्चा हिशेब तुमच्याच गळ्यात येतो. अनेक मालक तक्रार करत नाहीत त्याचं खरं कारण तेच असतं.

सापडलं कसं? एका खेड्यातला दुकानदार दुकान बंद करत होता. खातं मिटवायला तो स्वतः आला, नेमका अकाउंटंट तापाने घरी होता. शेठने खातेउतारा छापून दिला. त्यावर ३१,२०० येणे. दुकानदाराने खिशातून पावत्या काढल्या. पैसे पोचले होते, पण प्रत्येक पावतीची तारीख आणि टॅलीतली तारीख यांत नऊ ते चौदा दिवसांचं अंतर होतं, आणि शेवटच्या दोन पावत्या टॅलीत नव्हत्याच. पुढचं काम सोपं होतं. बावीस महिन्यांची पावती पुस्तकं कपाटात पडून होती. एका पावतीला एक एंट्री असायला हवी, तिथे एका पावतीच्या दोन आणि तीन एंट्र्या वेगवेगळ्या नावांवर होत्या. पुरावा पहिल्या दिवसापासून दुकानातच होता, कुणी पावती आणि एंट्री शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

एक गोष्ट नंतर कळली. दोन्ही सेल्समनना शंका आली होती. पार्टी म्हणायची "मी दिलेत", हे अकाउंटंटला विचारायचे, तो म्हणायचा "एंट्री राहिली असेल, उद्या टाकतो," आणि खरंच टाकायचा. तीन-चारदा असं झाल्यावरही त्यांनी शेठला सांगितलं नाही, कारण शेठ कुणाविरुद्ध ऐकून घेत नाहीत अशी त्यांची समजूत होती. अमेरिकेतल्या सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात, उघडकीला आलेल्या अपहारांपैकी ४३ टक्के कुणाच्या तरी सांगण्यावरून उघड झाल्याचं दिसतं. ऑडिट त्याच्या बरंच मागे आहे. तेव्हा सीए वर्षातून एकदा येतात म्हणून निर्धास्त राहू नका. आम्ही नमुना म्हणून काही खाती बघतो, आणि टोपी फिरवणारा ३१ मार्चला कुठली खाती स्वच्छ दिसायला हवीत हे आमच्याइतकंच जाणतो.

आता तुमच्या दुकानाकडे येऊ. तीन बाजूंपैकी दबावावर तुमचा ताबा थोडा आहे, समर्थनावर बऱ्यापैकी, आणि संधीवर पूर्ण. म्हणून सुरुवात संधीपासून.

मोठ्या कंपनीसारखी चार कामं चार माणसांत वाटा असं मी सात माणसांच्या दुकानाला सांगणार नाही, ते जमत नाही. फक्त एक काम त्याच्याकडून काढून स्वतःकडे घ्या: पार्टीशी हिशेबाचं बोलणं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या उधारीवाल्या पार्ट्यांना खातेउतारा तुमच्या फोनवरून व्हॉट्सॲपने जाऊ द्या, आणि खाली लिहा की फरक असेल तर याच नंबरवर कळवा. पीडीएफ तुमच्या संगणकावरून, तुमच्या पासवर्डने काढा. अकाउंटंटने काढून दिलेली पाठवलीत तर उपयोग नाही, ती बदलता येते. पार्टी उत्तर देत नसेल तर दर महिन्याला आठ-दहा रोखीवाल्यांना स्वतः फोन करा, दर वेळी वेगळ्यांना. टोपी फिरवणाऱ्याला पार्टी आणि मालक यांच्यामध्ये उभं राहावं लागतं. तिथून तो हटला की खेळ एक महिन्याच्या वर चालत नाही.

दुसरं, पावती पुस्तक. पुस्तकांना छापील अनुक्रमांक हवेत आणि नवं पुस्तक तुमच्या कपाटातून, सही घेऊन द्यायचं. सेल्समनने संध्याकाळी त्या दिवसाच्या कार्बन कॉप्यांचा फोटो थेट तुम्हाला पाठवायचा, पैसे अकाउंटंटला देण्याआधी. आठवड्यातून एकदा कुठल्याही दहा पावत्या घ्या आणि टॅलीत बघा: नाव तेच आहे का, रक्कम तीच आहे का, तारीख त्याच दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची आहे का. रद्द झालेल्या पावतीची मूळ प्रत पुस्तकाला चिकटवलेली दिसली पाहिजे. यूपीआय घेत असाल तर सेल्समनकडचा क्यूआर दुकानाच्या चालू खात्याचाच आहे ना, हे एकदा स्वतः दहा रुपये पाठवून बघा.

टॅलीत तीन जागा बघायच्या. वसुलीची एंट्री बिलाला जोडताना `Agst Ref` निवडलेलं असावं. त्याऐवजी रोखीवाल्या खात्यांत `On Account` ची गर्दी असेल, किंवा पार्टीने पूर्ण बिल दिलं असताना १,५००, ५,५०० अशा तुकड्यांच्या जमा असतील, तर त्या पार्टीला फोन करा. फक्त यावरून निष्कर्ष काढू नका, खूप अकाउंटंट निव्वळ आळसाने `On Account` टाकतात. दुसरी जागा कसर-वटावाचं खातं. महिन्याला उघडा. दहा-पन्नास रुपयांच्या वर काही असलं तर त्यावर तुमची सही हवी, हा नियम आजपासून. तिसरी एडिट लॉग. कोणती एंट्री कुणी, केव्हा बदलली हे त्यात राहतं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. तुमची प्रोप्रायटरी असेल तर सक्ती नाही, पण चालू करून घ्या. आणि प्रत्येकाला वेगळं युजरनेम द्या. सगळे एकाच नावाने लॉगिन करत असतील तर लॉग असून नसल्यासारखा.

मग रजा. अकाउंटंटला वर्षातून सलग एक आठवडा रजा द्या, आणि त्या आठवड्यात त्याचं काम दुसऱ्याने करायचं, साठवून ठेवायचं नाही. हे फार महत्त्वाचं. काम साठलं आणि तो परत येऊन त्यानेच केलं तर रजेचा काही उपयोग नाही. माझ्या प्रकरणातला माणूस बावीस महिन्यांत चार दिवसही सलग घरी राहिला नव्हता, आणि शेठ पाहुण्यांना त्याचं उदाहरण द्यायचे. पण न घेतलेली रजा हा पुरावा नाही. निष्ठावान माणसंही रजा घेत नाहीत. म्हणूनच नियम सगळ्यांना सारखा ठेवा, म्हणजे कुणाला टोचत नाही.

अकाउंटंटला हे सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न असेल असं मला वाटतं. सीएंवर ढकला. "ऑडिटमध्ये सांगितलंय, पुढच्या वर्षी पुन्हा बघणार आहेत," एवढं पुरे. प्रामाणिक अकाउंटंटला यात फायदाच आहे: उद्या एखाद्या पार्टीने "मी दिले होते" म्हणून आळ घेतला तर त्याच्याकडे तुमच्या फोनमधला फोटो आहे. मी हे अशाच शब्दांत सांगतो आणि बहुतेक जण लगेच मान्य करतात.

दबावाच्या बाजूने करण्यासारखं एकच ठोस काम आहे. पगारी उचलीचा लेखी नियम करा, म्हणजे दोन पगारांपर्यंत उचल मिळेल, कारण विचारलं जाणार नाही, सहा हप्त्यांत कापली जाईल. "कारण विचारलं जाणार नाही" हे वाक्य त्यात असू द्या. न सांगता येणारी अडचण असलेल्या माणसाला सांगायला न लागणारी वाट मिळते. त्या पहिल्या १८,५०० ला ही वाट असती तर कदाचित प्रकरण तिथेच थांबलं असतं. कदाचित म्हणतो, कारण जामीनकीचं कर्ज दोन पगारांत फिटणारं नव्हतं. आणि दुकानाच्या नावाने येणारं टपाल आधी तुमच्या टेबलावर येऊ द्या. त्याच्या पगार कपातीचं पहिलं पत्र खरं तर दुकानात आलं होतं, ते उघडलं त्यानेच.

त्रिकोण कुठे अपुरा पडतो तेही सांगतो. जो माणूस चोरी करायलाच नोकरीला येतो त्याला दबाव लागत नाही आणि समर्थनही लागत नाही. त्याच्यासाठी आधीच्या दोन मालकांना फोन करणं हाच उपाय. सेल्समन आणि अकाउंटंट मिळालेले असतील तर पावतीचा फोटोही खोटा येऊ शकतो, तेव्हा फक्त पार्टीला केलेला तुमचा फोन कामाला येतो. आणि २००४ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी या तीन बाजूंना चौथी जोडली, कुवत. तीही खरी आहे. बावीस महिने सतरा खाती फिरवत ठेवणं हे साध्या माणसाचं काम नाही. तुमच्याकडे सगळ्यात हुशार कोण आणि कुणाशिवाय पान हलत नाही, त्याचं काम आधी बघायला घ्या.

आणि यातून काही सापडलंच तर त्याला बोलावून ओरडू नका. आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन घरी न्या, पावती पुस्तकं आणि बँकेच्या भरणा स्लिपा कुलपात ठेवा, पासवर्ड बदला, मग पार्ट्यांकडून शिल्लक लेखी मागवा. रक्कम नक्की झाल्याशिवाय समोरासमोर बसू नका, कारण पहिल्या बैठकीत माणूस नेहमी खऱ्यापेक्षा कमी आकडा कबूल करतो आणि मालक त्यावर समाधान मानतो. त्या अकाउंटंटने पहिल्यांदा एक लाख दहा हजार सांगितले होते. दोन माणसं उभी करून कबुली लिहून घेणं, कोरे चेक घेणं हे करू नका, ते उलटतं. नोकराने केलेल्या अपहाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ च्या पोटकलम ४ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तक्रार करायची की रक्कम वसूल करून सोडायचं हे वकिलाशी बोलून, आकडा हातात घेऊन ठरवा. नोकराच्या अपहाराचं नुकसान भरून देणारा फिडेलिटी गॅरंटीचा विमा काढलेला असेल तर विमा कंपनीला आधी कळवा. त्यात कळवण्याची मुदत असते आणि दावे बऱ्याचदा तिथेच अडकतात.